पडद्यावरच्या पट्ट्यांतून लेझरची तरंगलांबी

हेलियम-निऑन लेझरचा लाल किरण दोन बारीक फटींवर पडला की समोरच्या पडद्यावर उजेड-काळोखाचे पट्टे उमटतात. दोन पट्ट्यांमधल्या अंतराला फटींमधल्या अंतराने गुणायचे आणि पडद्याच्या अंतराने भागायचे, की तरंगलांबी मिळते.

एकच पट्टा मोजण्यापेक्षा मधल्या ठळक भागातली दहा अंतरे एकत्र मोजावीत. मोजपट्टीची चूक दहांत वाटली जाते. कडेला मात्र जपावे. फटींच्या रुंदीमुळे तिथे एखादा पट्टा जवळजवळ विझतो, आणि तो मोजायचा राहिला तर सगळे गणित चुकते.

समजा, दहा अंतरे ५१.५ मिलिमीटर भरली, चूक अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे सुमारे १ टक्का. पडदा २ मीटरवर, चूक ५ मिलिमीटर, म्हणजे पाव टक्का. फटींमधले अंतर ०.२५ मिलिमीटर, चूक ०.००५, म्हणजे २ टक्के. उत्तर येते ६४४ नॅनोमीटर. या स्वतंत्र चुकांची थेट बेरीज करायची नसते. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे. ते सव्वादोन टक्के, म्हणजे सुमारे १४ नॅनोमीटर. खरी किंमत ६३२.८ या मर्यादेत बसते.

पडदा दूर नेला तर पट्टे रुंदावतात, पण फटींचे दोन टक्के तसेच राहतात. प्रयोगशाळेतला चलसूक्ष्मदर्शकही साधारण ०.०१ मिलिमीटरपर्यंतच वाचतो. मला उलटा मार्ग अधिक पटतो: ज्ञात ६३२.८ वापरून फटींमधले अंतर काढावे. ते ०.२४६ मिलिमीटर येते, चूक जेमतेम एक टक्का. मग त्याच फटींनी हिरवा लेझर मोजावा.