शंभरावं पद, फक्त आठ गुणाकार

मात्रावृत्तात लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. मग ठरावीक मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी भरता येईल? छंदशास्त्रकार विरहांकाने या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी ते पुन्हा मांडलं. ओळीचं शेवटचं अक्षर लघू असेल, तर त्याआधी एक मात्रा कमी असलेली ओळ असणार. गुरू असेल, तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणजे मागच्या दोन उत्तरांची बेरीज केली की पुढचं उत्तर मिळतं. एका मात्रेसाठी १, दोनसाठी २, तीनसाठी ३, चारसाठी ५, पाचसाठी ८. इटलीतल्या फिबोनाचीने १२०२ साली सशांच्या प्रश्नातून हीच माळ मांडली. आज ती सुरुवातीला आणखी एक १ धरून लिहितात: १, १, २, ३, ५, ८, १३...

मागच्या काही पदांना ठरलेल्या आकड्यांनी गुणून त्यांची बेरीज म्हणजे पुढचं पद, अशा नियमाला रेषीय पुनरावर्ती संबंध म्हणतात. त्यातलं दूरचं पद काढायचं झालं, तर दोन अडचणी येतात. समजा, आपल्याला एकावर अठरा शून्यं एवढ्या क्रमांकाचं पद हवं आहे. सेकंदाला शंभर कोटी बेरजा करणारं यंत्रही एकेक पाऊल टाकत तिथे पोहोचायला एकतीस वर्षांहून अधिक काळ घेईल. पोहोचलं, तरी ते पद नुसतं साठवायला एक टेराबाइटच्या सुमारे ८७ हजार डिस्क लागतील. पहिली अडचण पावलांच्या संख्येची आहे, दुसरी आकड्यांच्या लांबीची. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकावाचून दुसऱ्याचा फारसा उपयोग नाही.

आधी पावलं कमी करू. प्रत्येक पाऊल एकाच नियमाने पडतं, म्हणून तो नियम दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या चौकटीत मांडता येतो. अशा चौकटीला मॅट्रिक्स म्हणतात. आपल्या माळेसाठी पहिल्या ओळीत १, १ आणि दुसऱ्या ओळीत १, ० असतात. मॅट्रिक्सला मॅट्रिक्सने गुणणं म्हणजे एका उडीला दुसरी उडी जोडणं. एका पावलाच्या मॅट्रिक्सचा वर्ग केला की दोन पावलांची उडी मिळते, त्याचा वर्ग केला की चारची, मग आठची, सोळाची. मधली पदं काढावीच लागत नाहीत.

अर्धं करत जाऊन वर्ग करण्याची ही कल्पनाही छंदशास्त्रातच सापडते. पिंगलाच्या छंदःशास्त्रात दोनाचा मोठा घात काढण्याची रीत अशीच आहे: घातांक सम असेल तर अर्धा करा, विषम असेल तर एक वजा करा आणि परतताना त्याप्रमाणे वर्ग किंवा दुप्पट करा. तिथे संख्येचा वर्ग होतो, इथे मॅट्रिक्सचा, एवढाच फरक.

आता लांबी आवरू. पुष्कळदा आपल्याला पूर्ण पद नको असतं. त्याला एखाद्या संख्येने भागल्यावर उरणारी बाकी पुरते. भाजक १००० असेल, तर बाकी म्हणजे शेवटचे तीन अंक. बेरजेचे आणि गुणाकाराचे शेवटचे तीन अंक ठरवायला मूळ संख्यांचे शेवटचे तीन अंक पुरतात, त्यामुळे प्रत्येक पायरीनंतर उरलेले अंक खुशाल टाकून देता येतात. कोणताही भाजक घेतला तरी हे खरं असतं. भागाकाराला मात्र ही मुभा नाही. आपल्या रीतीत भागाकार कुठेच येत नाही, म्हणून ती चालते.

शंभराव्या पदाचे शेवटचे तीन अंक काढून पाहू. इथे मॅट्रिक्समध्ये नेहमी लागोपाठची तीनच पदं असतात. मोठ्यापासून लहानाकडे त्यांना क, ख, ग म्हणू. ख हे आपल्या क्रमांकाचं पद. वर्ग केल्यावर नवा क म्हणजे क² + ख², नवा ख म्हणजे ख × (क + ग) आणि नवा ग म्हणजे ख² + ग². सुरुवात १, १, ० पासून.

```
 १ :    १,    १,    ०
 २ :    २,    १,    १
 ४ :    ५,    ३,    २
 ८ :   ३४,   २१,   १३
१६ :  ५९७,  ९८७,  ६१०
३२ :  ५७८,  ३०९,  २६९
६४ :  ५६५,  ७२३,  ८४२
```

सोळाच्या ओळीत खरा आकडा १५९७ आहे. त्यातला हजार आपण टाकला. शंभर म्हणजे ६४ + ३२ + ४, तेव्हा या तीन ओळी एकमेकींना गुणायच्या. ६४ आणि ३२ जोडल्यावर ९६ साठी ९७७, ७२, ९०५ मिळतात. त्यांना ४ ची ओळ जोडली की मधलं पद ९७७ × ३ + ७२ × २, म्हणजे ३०७५. बाकी ०७५. खरं शंभरावं पद ३५४२२४८४८१७९२६१९१५०७५ आहे आणि त्याच्या शेवटी ०७५ च आहे. सहा वर्ग आणि दोन गुणाकार, एवढ्यात काम झालं. एकावर अठरा शून्यं एवढ्या क्रमांकालाही ५९ वर्ग आणि त्याहून कमीच जोड-गुणाकार लागतात.

चूक होते ती बहुधा बाकी उशिरा घेतल्याने. संगणकाच्या ६४ बिटांच्या पूर्णांकात साधारण नऊवर अठरा शून्यं एवढीच संख्या मावते. भाजक म्हणून शंभर कोटी सात घेतला, तर दोन बाक्यांचा गुणाकार एकावर अठरा शून्यांच्या आसपास जातो आणि तशा दोन गुणाकारांची बेरीजही मावते. पण बाकी न घेताच पुढचा गुणाकार केला, तर संख्या मर्यादेबाहेर जाते. कधी उत्तर ऋण येऊन चूक उघड होते, कधी चुकीचा आकडा बिनबोभाट पुढे जातो.

तो पकडायला या माळेत एक सोपी कसोटी आहे. तीन पदांपैकी पहिल्या आणि तिसऱ्याच्या गुणाकारातून मधल्याचा वर्ग वजा केला, तर क्रमांक सम असताना १ आणि विषम असताना उणे १ उरतो. शंभरासाठी तीन पदं १०१, ७५, २६ अशी येतात. १०१ × २६ मधून ७५ × ७५ वजा केले की उणे २९९९ उरतात. त्यात ३००० मिळवले की १. उत्तर कसोटीला उतरलं.

या रीतीला मर्यादाही आहेत. नियमात मागच्या पदांचा वर्ग किंवा त्यांचा आपसातला गुणाकार असेल, तर तो अशा मॅट्रिक्समध्ये बसत नाही. पुढचं पद मागच्या शंभर पदांवर अवलंबून असेल, तर मॅट्रिक्स शंभर बाय शंभरचं होतं आणि साध्या पद्धतीच्या एकाच गुणाकारात दहा लाख छोटे गुणाकार करावे लागतात.

लहान मॅट्रिक्सला मात्र ही रीत फार दूर नेते. कॅनडातले गणितज्ञ पिएर लेक्युये यांच्या MRG32k3a या यादृच्छिक संख्याजनकात तीन बाय तीनची दोन मॅट्रिक्स आहेत आणि भाजक ४२९४९६७०८७ व ४२९४९४४४४३ आहेत. एकच प्रयोग अनेक संगणकांवर विभागून चालवताना प्रत्येकाला संख्यांचा वेगळा पट्टा द्यावा लागतो. त्यासाठी हा जनक एका उडीत दोनाच्या १२७ व्या घाताइतकी पदं ओलांडतो, तीही वर्ग करून आणि बाकी घेऊनच.

कागद-पेन्सिल जवळ असेल, तर १०१, ७५, २६ यांचा आणखी एकदा वर्ग करून पाहा. मधलं पद ७५ × १२७, म्हणजे ९५२५. दोनशेव्या पदाचे शेवटचे तीन अंक ५२५ आहेत.