शेतकऱ्याची गुंतवणूक : भाग 4
सोयाबीनच्या पट्टीतले शिलकीचे पैसे किती?

मागच्या भागात आपण पीककर्ज वेळेत फेडण्याबद्दल बोललो. आता त्यापुढचा प्रश्न. सोयाबीनची पट्टी हातात आली की त्यातले गुंतवायचे किती?

तेरमधलं एक कोरडवाहू घर धरू. पाच एकर सोयाबीन, एकरी 8 क्विंटल उतारा, भाव 4,500. म्हणजे दिवाळीच्या सुमारास 1,80,000 रुपये आले. पुढे तीन एकर हरभरा, 18 क्विंटल, भाव 5,500. गोरोबाकाकांच्या चैत्री यात्रेआधी आणखी 99,000 आले. पीककर्ज या हिशेबात धरलेलं नाही.

आता पट्टीच्याच पाठीवर खर्च मांडा. घरखर्च महिना 10,000. मार्चपर्यंतच्या पाच महिन्यांचे 50,000 आणि हरभऱ्याचा खर्च 30,000, असे 80,000 गेले. एप्रिल ते ऑक्टोबर घराला 70,000 आणि सोयाबीनला पेरणीपासून मळणीपर्यंत 90,000 लागणार, म्हणजे 1,60,000. हरभरा देणार 99,000. तूट 61,000 ची, आणि ती दिवाळीच्या पैशातूनच भरायची आहे. उरले 39,000.

एक लाख ऐंशी हजार खात्यावर दिसतात तेव्हा माणूस गाडी बघायला जातो, कुणाच्या सांगण्यावरून मोठी विमा पॉलिसी घेतो. दर वर्षी हप्ता मागणारी पॉलिसी अशा घराला मला धोक्याची वाटते. दरमहा एसआयपीचंही तेच. जुलै-ऑगस्टमध्ये खातं रिकामं असतं, हप्ता परत जातो आणि बँक दंड कापते.

तुटीचे 61,000 मेअखेर सुटतील अशा मुदत ठेवीत ठेवा, कारण ते कधी लागणार हे आपल्याला माहीत आहे. घरखर्च बचत खात्यातच राहू द्या.

आणि ते 39,000? तेही लगेच शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात नकोत. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं. तसं वर्ष आलं तर मार्चपर्यंत घर आणि हरभरा उभा करायला तेच 80,000 लागतील. ही राखीव रक्कम जमायला, दोन्ही वर्षं बरी गेली तरी, दोन वर्षं लागतात. ती एकाच ठेवीत अडकवू नका. दहा-दहा हजारांच्या वेगळ्या पावत्या केल्या, तर गरजेला एकच मोडते आणि बाकीच्यांचं व्याज चालू राहतं.

तिसऱ्या दिवाळीची शिलक मात्र खरी गुंतवणूक. ती लिक्विड फंडात टाकून तिथून दरमहा तीन हजार इक्विटी फंडात वळवण्याची सूचना एकदाच देता येते, तिला एसटीपी म्हणतात. बँक खातं रिकामं असलं तरी हप्ता चुकत नाही. मात्र इक्विटीतल्या पैशाला सात-आठ वर्षं हात लावायचा नाही. लेकीचं लग्न चार वर्षांवर असेल तर तो पैसा मुदत ठेवीतच बरा.

पुढच्या आठवड्यात लिक्विड फंडाचं खातं उघडण्याची कागदपत्रं पाहू. तोवर गेल्या हंगामाची पट्टी शोधून तिच्या पाठीवर तुमचा आकडा काढून ठेवा.