शंभर कैदी आणि एक बटण

एका तुरुंगात १०० कैदी आहेत. प्रत्येक जण वेगळ्या कोठडीत. कोणालाही दुसऱ्याशी बोलता येत नाही, खुणा करता येत नाहीत, चिठ्ठी पाठवता येत नाही. तुरुंगात आणखी एक खोली आहे. तिच्यात एक दिवा आणि त्याचे एक बटण, एवढेच. तुरुंगाधिकारी दररोज कोणातरी एका कैद्याला या खोलीत नेतो. कैदी दिवा पाहतो, हवे तर बटण दाबतो, नाहीतर तसेच ठेवतो, आणि परत जातो. कोणाची पाळी कधी येईल याचा काही नेम नाही. एकच कैदी लागोपाठ तीन दिवस जाईल, तर दुसऱ्याला वर्षभर कोणी विचारणारही नाही. मात्र प्रत्येकाला पुन्हा पुन्हा नेण्यात येईल, कोणालाही कायमचे विसरले जाणार नाही, असे वचन अधिकाऱ्याने दिले आहे.

सुटकेची अट अशी : कोणत्याही दिवशी कोणीही कैदी म्हणू शकतो, “आम्ही सर्व १०० जण या खोलीत निदान एकदा येऊन गेलो आहोत.” हे खरे असेल तर सगळे सुटतील. खोटे असेल तर सगळ्यांना फाशी. खेळ सुरू होण्यापूर्वी एकदाच सर्वांना एकत्र बसून बेत ठरवता येईल. आरंभी दिवा बंद आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तर त्यांनी कोणता बेत ठरवावा?

पुढे वाचण्यापूर्वी थोडा वेळ स्वतः विचार करून पाहा.

अडचण कोठे आहे हे तुमच्या लगेच लक्षात येईल. मोजायचे आहे १०० पर्यंत, आणि निरोप ठेवायला जागा आहे फक्त ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढीच. पहिला विचार असा सुचतो की जो नवा येईल त्याने बटण दाबून दिव्याची स्थिती बदलावी. पण तिसरा नवा कैदी आला आणि त्याला दिवा बंद दिसला, तर आपल्याआधी दोघे येऊन गेले की कोणीच आले नाही, हे त्याला कसे कळणार? प्रत्येक जण जुनी खूण पुसून नवी करीत राहिला, तर खोलीत काहीच साठत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दिव्याला स्मरणशक्ती नाही, पण कैद्यांना आहे. तेव्हा आकडा दिव्यात साठवायचा नाही, तो एका माणसाच्या डोक्यात साठवायचा, आणि दिव्याचा उपयोग केवळ निरोप्यासारखा करायचा. म्हणून बेत ठरवताना एका कैद्याला मोजणीसाठी निवडावे. त्याला आपण मुकादम म्हणू. मग नियम असे :

मुकादम सोडून इतर ९९ जणांपैकी प्रत्येकाने संपूर्ण खेळात दिवा एकदाच लावायचा. खोलीत गेल्यावर दिवा बंद दिसला आणि आपण तो अजून कधी लावलेला नसेल, तर लावावा. दिवा आधीच चालू असेल, किंवा आपली पाळी होऊन गेली असेल, तर बटणाला हात लावू नये. दिवा बंद करण्याचा अधिकार फक्त मुकादमाचा. त्याला दिवा चालू दिसला की त्याने तो बंद करावा आणि मनात एक आकडा वाढवावा. आकडा ९९ झाला की घोषणा करावी.

नियम साधे दिसतात, पण पुष्कळ विद्यार्थी एका ठिकाणी चुकतात. पहिल्या खेपेला दिवा चालू दिसलेल्या कैद्याची संधी वाया गेलेली नसते. ती शिल्लक राहते, आणि पुढे कधीतरी दिवा बंद दिसेल तेव्हा त्याने ती वापरायची असते.

१०० जणांचा खेळ कागदावर मांडणे कठीण. म्हणून चौघांचा मांडून पाहू : गणू, बाळू, सदा आणि रामा. गणू मुकादम आहे, त्याला ३ पर्यंत मोजायचे आहे. पहिल्या दिवशी सदा जातो, दिवा बंद आहे, तो लावतो. दुसऱ्या दिवशी बाळू जातो. दिवा चालू असल्यामुळे त्याला काही करता येत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सदा. त्याचे काम झालेले आहे. चौथ्या दिवशी गणू येतो, दिवा बंद करतो आणि मनात म्हणतो ‘एक’. पाचव्या दिवशी सदाला दिवा बंद दिसतो, पण तो आता लावायचा नाही हे त्याला ठाऊक आहे. सहाव्या दिवशी रामा दिवा लावतो. सातव्या दिवशी बिचाऱ्या बाळूला पुन्हा चालू दिवाच दिसतो. आठव्या दिवशी गणू : ‘दोन’. नवव्या दिवशीही गणूच येतो, पण दिवा बंद असल्यामुळे आकडा वाढत नाही. दहाव्या दिवशी बाळूला अखेर संधी मिळते. अकराव्या दिवशी गणू ‘तीन’ म्हणतो आणि घोषणा करतो.

सहाव्या दिवशीच चौघेही खोलीत येऊन गेले होते, हे पाहिलेत ना? पण ते कोणालाही ठाऊक नव्हते. येऊन जाणे वेगळे आणि तसे सिद्ध करता येणे वेगळे. मधले पाच दिवस या फरकाची किंमत म्हणून गेले.

हा बेत कधीच फसणार नाही याची खात्री कशी द्यावी? दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. पहिली, घोषणा खोटी ठरणार नाही ही. कोणत्याही क्षणी इतरांनी मिळून जितक्या वेळा दिवा लावला ती संख्या घ्या. मुकादमाचा आकडा तिच्याबरोबर असतो, किंवा दिवा चालू असेल तर तिच्याहून एकने कमी असतो. खेळ कितीही चालला तरी हे नाते तुटत नाही. म्हणून आकडा ९९ झाला याचा अर्थ दिवा ९९ वेळा लावला गेला. आणि कोणीही दोनदा लावत नाही, म्हणून ते ९९ निरनिराळे कैदी होते. दुसरी गोष्ट, घोषणेचा दिवस नक्की उजाडेल ही. आकडा अपुरा असेल तर कोणीतरी दिवा लावायचा राहिलेला असतो. तो आणि मुकादम दोघेही पुन्हा पुन्हा येणार असल्यामुळे आकडा कधीतरी पुढे सरकतोच. अधिकाऱ्याचे ते वचन येथे उपयोगी पडले. ते नसते आणि प्रत्येकाला एकदाच नेले असते, तर हा बेत कोसळला असता.

पण ‘कधीतरी’ म्हणजे केव्हा? समजा, अधिकारी रोज चिठ्ठी टाकून कैदी निवडतो. फासा टाकला तर सहाचे दान यायला सरासरी ६ वेळा टाकावा लागतो. तसेच १०० चिठ्ठ्यांतून मुकादमाची चिठ्ठी निघायला सरासरी १०० दिवस लागतात. दिवा लागल्यावर दर वेळी त्याची अशी वाट पाहायची, आणि तीही ९९ वेळा, म्हणजे ९,९०० दिवस. शिवाय दिवा लागण्यासाठीही थांबावे लागते. आरंभी ९९ जणांपैकी कोणीही चालतो, म्हणून साधारण एकच दिवस जातो. पण शेवटचा एक उरतो तेव्हा त्याच्यासाठी १०० दिवस. हे सर्व थांबे मिळवले की सुमारे ५१८ दिवस होतात. एकूण १०,४१८ दिवस, म्हणजे जवळजवळ साडेअठ्ठावीस वर्षे! वास्तविक १०० ही कैदी खोलीत येऊन जायला सरासरी ५१९ दिवसच, म्हणजे सुमारे १७ महिने लागतात. बाकीचा काळ खात्री करून घेण्यात जातो. हा काळ कमी करण्याच्या युक्त्याही आहेत. २००३ साली ‘मॅथेमॅटिकल इंटेलिजेन्सर’ या नियतकालिकात तिघा गणितज्ञांनी या कोड्यावर एक लेख लिहिला. अनेक कैद्यांनी आपले आकडे गोळा करून गठ्ठ्यांनी पुढे पाठवले, तर काम पुष्कळ लवकर आटोपते.

तुमच्यापैकी एखादा चतुर वाचक म्हणेल, दिव्याची एवढी उठाठेव कशाला? नुसते पाच वर्षे थांबावे आणि घोषणा करून टाकावी. हिशेब करून पाहू. एखादा ठरावीक कैदी एका दिवशी वगळला जाण्याची शक्यता ०·९९. पाच वर्षांत १,८२६ दिवस. ०·९९ ला तितक्या वेळा स्वतःने गुणले आणि कैदी १०० म्हणून १०० ने गुणले, तर उत्तर दहा लाखांत सुमारे एक येते. एवढा धोका कोणीही पत्करील! पण हा हिशेब चिठ्ठ्या प्रामाणिक असतील तरच खरा. अधिकाऱ्याने मनात आणून एका कैद्याला सहा वर्षे बोलावलेच नाही, तर सगळे फासावर जातील. त्याने वचन मोडले असेही म्हणता येणार नाही, कारण सातव्या वर्षी तो त्याला बोलावणारच होता. मुकादमाचा बेत अशा अधिकाऱ्यापुढेही टिकतो. वेळ वाढेल, पण घोषणा खोटी ठरणार नाही.

आता कोडे थोडे अवघड करू. आरंभी दिवा चालू आहे की बंद, हे कोणालाच ठाऊक नाही. मुकादमाने ९९ मोजले, पण त्यातला पहिला दिवा मुळातच चालू असेल, तर प्रत्यक्षात ९८ जणांनीच तो लावला आणि एक जण राहिला असेल. बरे, १०० मोजेपर्यंत थांबावे, तर दिवा आरंभी बंद असल्यास १०० कधी होणारच नाहीत आणि मुकादम जन्मभर वाट पाहत बसेल.

यातून सुटण्याची युक्ती अशी की प्रत्येकाने दिवा एकदा न लावता दोनदा लावावा, आणि मुकादमाने १९८ मोजल्यावर घोषणा करावी. एक जरी कैदी आलेला नसेल, तर उरलेले ९८ जण फार तर १९६ वेळा दिवा लावतील. त्यात आरंभीचा फुकटचा एक मिळवला तरी १९७ च होतात, १९८ होत नाहीत. उलट सगळे आले, तर दिवा आरंभी बंद असला तरीही १९८ पुरे होतात. दोन शक्यतांमध्ये फरक एकाचाच होता. प्रत्येकाचे वजन दुप्पट केल्यामुळे त्या एकाला काही किंमत उरली नाही.

दिव्याऐवजी मी सारखे बटण म्हणतो आहे, तेही उगीच नव्हे. आपल्याकडे वीज जाते, दिवा उडतो. पण बटण वर आहे की खाली हे अंधारातही चाचपून कळते, आणि निरोप खरा तेथेच असतो. मात्र बटणाशीच कोणी खेळले तर? समजा, आरंभी बटण बंद होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण पुढे केव्हातरी झाडू मारायला आलेल्या माणसाने ते एकदाच, चुकून, बंदचे चालू केले असेल किंवा चालूचे बंद केले असेल, आणि हे घडले की नाही तेही कैद्यांना माहीत नाही. पहिल्या चुकीने आकडा एकने वाढतो, दुसरीने एकने घटतो. येथे प्रत्येकाने दोनदा दिवा लावून भागणार नाही. तीनदा लावावा आणि मुकादमाने २९६ मोजावे, तर भागते. दोनदा का पुरत नाही, आणि २९५ किंवा २९७ न घेता नेमके २९६ का, हे कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीच शोधून काढा.