पाच टक्क्यांची वाढ, बेचाळीस टक्क्यांची घट

३० ऑगस्ट २०१९ रोजी केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने एप्रिल ते जून या तिमाहीचा आकडा जाहीर केला. देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ५ टक्क्यांनी वाढलं होतं. वेग मंदावला होता, पण वाढ ती वाढच. त्याच सुमारास भोसरी, चाकण, तळवड्याच्या गाळ्यांमध्ये मात्र शिफ्ट कमी होत होत्या आणि कंत्राटी कामगारांना ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं सांगितलं जात होतं. २०१८-१९ मध्ये देशात मध्यम आणि जड ट्रक-बस मिळून सुमारे ३.९१ लाख विकल्या गेल्या होत्या. २०१९-२० मध्ये त्या २.२५ लाखांवर आल्या. ४२ टक्के घट. करोनाची टाळेबंदी लागली ती त्या वर्षाच्या अगदी शेवटच्या आठवड्यात, त्यामुळे सगळं खापर तिच्यावर फोडता येत नाही.

देश ५ टक्क्यांनी वाढतोय आणि ट्रक ४२ टक्क्यांनी घटतायत, हे एकाच वेळी खरं कसं असू शकतं? व्यवसाय व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना व्यापारचक्राची लाटेसारखी आकृती काढून दाखवतात: तेजी, घसरण, तळ, उभारी. त्या आकृतीत ही गोष्ट दिसत नाही, कारण ती लाट साऱ्या देशाची सरासरी असते आणि सरासरीच्या लाटेवर कुठलाच कारखाना तरंगत नसतो.

साधा हिशोब करून पाहू. समजा, देशातला माल वाहायला १,००० ट्रक लागतात. दरवर्षी त्यातले १०० जुने होऊन बाद होतात, म्हणजे तेवढे बदलायला हवेत. मालवाहतूक ७ टक्क्यांनी वाढत असेल तर आणखी ७० लागतील. कारखान्याकडे एकूण मागणी १७०. आता वाहतुकीची वाढ ७ वरून ३ टक्क्यांवर आली. वाहतूक घटलेली नाही, फक्त हळू वाढते आहे. पण नव्या ट्रकची मागणी १०० अधिक ३०, म्हणजे १३० झाली. जवळपास २४ टक्के कमी. त्यात चार मालकांनी ठरवलं की जुना ट्रक अजून एक वर्ष रेटू, तर ती आणखी घसरते. ट्रक, यंत्रं, इमारती अशा टिकाऊ वस्तूंची मागणी उत्पन्न किती आहे यापेक्षा ते किती वेगाने वाढतंय यावर चालते. अर्थशास्त्रात याला प्रवेगक म्हणतात. मीठ किंवा साबण बनवणाऱ्याला हा झटका बसत नाही. ट्रकचा सुटा भाग बनवणाऱ्याला बसतो.

त्या वर्षी आणखी दोन गोष्टींची भर पडली होती. जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकच्या आसावर कायदेशीर किती भार चालेल याची मर्यादा वाढवली. रस्त्यावरच्या जुन्याच ट्रकांची क्षमता एका आदेशाने वाढली आणि नव्यांची गरज तेवढी कमी झाली. मग सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कर्ज फेडू शकली नाही. तिच्यामागोमाग बिगरबँक वित्तसंस्थांचा हात आखडला. एक-दोन ट्रकवाला मालक याच संस्थांकडून कर्ज घेतो. मागणी मंदावली, कर्ज आटलं आणि विक्रेत्यांच्या आवारात गाड्या साचल्या. त्या साठ्याची विल्हेवाट लागेपर्यंत कंपन्यांनी उत्पादन विक्रीपेक्षाही खाली ठेवलं. सुटे भाग पुरवणाऱ्याच्या हाती येणारं शेड्यूल हे या सगळ्याचं शेवटचं टोक.

आता त्या टोकाला असलेला एक गाळा डोळ्यांसमोर आणू. आकडे कल्पित आहेत, प्रमाण मात्र अशा धंद्यात आढळणारं. महिन्याची विक्री ५० लाख. त्यात पोलाद ३० लाखांचं, वीज आणि हत्यारं २ लाखांची. उरले १८ लाख. हे १८ लाख म्हणजे या गाळ्याने घातलेली मूल्याची भर. जीडीपी मोजताना त्याची ५० लाखांची विक्री धरत नाहीत. पोलादाचं मूल्य पोलाद कारखान्याच्या खात्यात आधीच मोजलेलं असतं. हेच १८ लाख दुसऱ्या बाजूने पाहिले की कुणाचं तरी उत्पन्न असतात. पगार, भाडं आणि कर्जाचं व्याज मिळून १४ लाख, मालकाचा नफा ४ लाख. राष्ट्रीय उत्पन्न उत्पादनाकडून मोजा किंवा उत्पन्नाकडून, बेरीज एकच यायला हवी असं पुस्तकात लिहिलेलं असतं, ते इतकंच आहे.

विक्री ४० टक्के घटून ३० लाखांवर आली की पोलाद १८ लाखांवर येतं, वीज-हत्यारं १.२ लाखांवर. मूल्याची भर राहते १०.८ लाख. पण भाडं, व्याज, कायम कामगारांचे पगार जागचे हलत नाहीत. १४ लाख द्यायचेच. ४ लाखांच्या नफ्याच्या जागी ३.२ लाखांचा तोटा. घसरणीत कंत्राटी कामगार आधी का जातो, याचं उत्तरही इथेच आहे: त्या १४ लाखांतला लवकर कमी करता येण्यासारखा भाग तेवढाच असतो.

पुढचा तळ सगळ्यांना आठवतोच. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज होता आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढीचा. या दुसऱ्या आकड्याने बरेच लोक हुरळले. १०० वरून ७६ वर आलेली गोष्ट २० टक्क्यांनी वाढली तर ९१ वर पोचते, १०० वर नाही.

माझ्या मते या चक्राचा खरा कठीण टप्पा इथून पुढे सुरू होतो आणि वर्गात त्यावर सगळ्यात कमी वेळ जातो. घसरणीत कारखाना आजारी पडतो. पण त्याचा श्वास अनेकदा उभारीत कोंडतो. कारण उभारीबरोबर महागाई येते, आणि ती पैसा अडकवते.

२०२० च्या मध्यापासून वर्षभरात पोलादाचा भाव जवळपास दुप्पट झाला. घाऊक किमतींची महागाई एप्रिल २०२१ पासून सलग दीड वर्ष १० टक्क्यांच्या वर राहिली. आपल्या गाळ्याचं काय झालं असेल? सोयीसाठी भाववाढ ६० टक्केच धरू. पोलाद घेतल्यापासून मालाचे पैसे हाती येईपर्यंत त्याचे तीन महिने जातात. पोलादाचा व्यापारी एक महिन्याची उधारी देतो. म्हणजे दोन महिन्यांच्या पोलादाचा पैसा कायम अडकलेला. मंदीत हा आकडा ३६ लाख होता. उभारीत काम पूर्वपदावर आलं, भाव ६० टक्क्यांनी चढला. पोलादाचा महिन्याचा खर्च ४८ लाख झाला आणि अडकलेला पैसा ९६ लाख.

आता बँकेत जाऊ. लघुउद्योगाला खेळत्या भांडवलासाठी वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २० टक्के कर्ज देण्याचा ठोकताळा नायक समितीच्या काळापासून चालत आलेला आहे. नियमात शब्द ‘अंदाजित’ असा आहे, पण अधिकारी आधी गेल्या वर्षीचा ताळेबंद उघडतो. तो मंदीचा. महिना ३० लाखांनी वर्षाची उलाढाल ३ कोटी ६० लाख, त्याचे २० टक्के ७२ लाख. हवेत ९६, मिळाले ७२. त्यातच भाव चढताना व्यापारी म्हणतो, ‘शेठ, आता उधारी जमणार नाही, रोख द्या आणि माल उचला.’ त्या एका वाक्याने आणखी ४८ लाखांचं भोक पडतं. ऑर्डरी भरपूर, यंत्रं तीन पाळ्यांत, आणि पगाराच्या तारखेला खात्यात खडखडाट. मे २०२० मधल्या सरकारी हमीच्या तातडीच्या कर्जयोजनेने अनेकांना त्या काळात तगवलं. पण तिची रक्कमही जुन्या थकबाकीच्या टक्केवारीत बांधलेली होती.

पोलादाची वाढ गिऱ्हाईक भरून देत नाही असं नाही. मोठ्या कंपन्या फरक देतात, पण बहुतेकदा उशिराने. महिन्याला ३० लाखांच्या पोलादावर १० टक्के वाढ म्हणजे ३ लाख. आपल्या गाळ्याचा पूर्ण नफा ४ लाख. तेवढे महिने तो कंपनीला बिनव्याजी कर्ज देत असतो. उलट, स्वस्तात घेतलेला जुना साठा महागाईत विकला गेला की वहीत नफा फुगलेला दिसतो आणि त्यावर कर रोखीत भरावा लागतो. नवा साठा मात्र नव्या भावानेच घ्यायचा असतो.

या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरच होता. कारण तिचं लक्ष्य ग्राहक किमतींच्या महागाईचं आहे, ४ टक्के, आणि दोन टक्के इकडेतिकडे. घाऊक महागाई दोन आकडी असली तरी ग्राहकाची बराच काळ ६ टक्क्यांच्या आसपास होती. कारखानदार कच्चा माल घाऊक जगात घेतो, व्याजदर मात्र किराणा-भाजीच्या जगात ठरतो. एप्रिल २०२२ मध्ये ग्राहक महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. ४ मे रोजी, ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता, रेपो वाढला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्के झाला. लघुउद्योगांची नवी कर्जं बहुधा रेपोशी जोडलेली असल्याने वाढ लगेच खात्यात उतरली: १ कोटीच्या मर्यादेवर वर्षाला अडीच लाख.

आणि मग चाक उलटं फिरलं. मे २०२२ मध्ये सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं, देशातले भाव उतरले आणि चढ्या भावात साठा करून बसलेल्यांना चटका बसला. एप्रिल २०२३ पासून काही महिने घाऊक महागाई शून्याच्याही खाली होती, तर रेपो ६.५ वरच. आपण विकतो त्या मालाचा भाव उतरतोय आणि कर्जाचं व्याज ९-१० टक्के, ही जोडी किती जड असते हे सरासरी आकड्यांत कळत नाही.

चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आपण आहोत हे जीडीपीवरून ओळखायला गेलं तर तो आकडा तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी येतो आणि पुढे अनेकदा बदलतो. अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी तिथल्या अधिकृत समितीने जाहीर केली ती डिसेंबर २००८ मध्ये. गाळेवाल्याला त्याआधी कळतं. पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल दर आठवड्याला बदलू लागतं, जॉबवर्कवाला आपणहून फोन करून काम मागतो, ९० दिवसांची बिलं न बोलता ११० दिवसांवर जातात. उभारीत हेच उलटं: आधी उधारी बंद होते, मग कारागीर मिळेनासे होतात, दर त्यानंतर वाढतात.

२०२३ मध्ये आपल्या गाळ्याने नगांच्या हिशोबात आधीच्या वर्षाहून १० टक्के जास्त माल बनवला असेल. पण पोलाद उतरल्याने कंपनीने प्रत्येक नगाचा दर कमी केला, त्यामुळे वर्षाची उलाढाल रुपयांत जेमतेम तेवढीच राहिली. देशाच्या हिशोबात भाववाढ वजा करून खरी वाढ काढायची सोय आहे. कर्ज-मर्यादेच्या अर्जात तसा रकाना नाही. तिथे एकच प्रश्न असतो: उलाढाल का वाढली नाही?