चिन्ह कांग्शीचं, फुलदाणी पणजोबांची

जुन्या वस्तूंची पारख करणाऱ्याला सगळ्यांत जपून लिहावं लागणारं पत्र म्हणजे नकाराचं. नमुना म्हणून मुंबईतलं एक घर घेऊ. पणजोबा फोर्टमधल्या एका पारशी पेढीवर हिशेब लिहायचे. १९०८च्या सुमारास मालकांनी त्यांना एक चिनी फुलदाणी भेट दिली. निळ्या जमिनीवर पांढरी फुलं, तळाला निळ्या रंगात चार चिनी अक्षरं. कोणीतरी ती अक्षरं वाचून ‘कांग्शी’ असा बादशहा सांगितला आणि तेव्हापासून घरात ही फुलदाणी तीनशे वर्षांची मानली जाऊ लागली. विमा उतरवायची वेळ आली तेव्हा ती पारख्याकडे गेली. त्याचं उत्तर आलं: ही कांग्शी काळातली नाही, त्या काळच्या शैलीत नंतर केलेली प्रतिकृती आहे.

असं उत्तर वाचून घरच्यांना पहिल्यांदा वाटतं, की पणजोबांना कोणीतरी फसवलं. चांगला पारखी पत्रात सर्वांत आधी हाच समज दूर करतो, कारण तळावरची अक्षरं म्हणजे कारागिराची सही नव्हे. चीनमध्ये आधीच्या बादशहाचं चिन्ह नव्या भांड्यावर घालण्याची चाल फार जुनी आहे, आणि त्यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही. खुद्द कांग्शीच्या राजवटीत, म्हणजे १६६२ ते १७२२ या काळात, जिंगदेजेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या मोठ्या केंद्रात पंधराव्या शतकातल्या छंगह्वा बादशहाचं चिन्ह असलेली भांडी सर्रास होत. जुन्या कामाबद्दलचा आदर त्यात होता, आणि त्या नावाला असलेली मागणीही.

शिवाय १६७७ साली जिंगदेजेनच्या दंडाधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव लिहायला बंदी केली. भांडं फुटलं तर नावाचा अवमान होईल, असं कारण त्याने दिलं होतं. ही बंदी कायम काटेकोर पाळली गेली नाही, तरी तिचा परिणाम अस्सल कांग्शी भांड्यांच्या तळाशी आजही दिसतो. अनेकांवर नुसती दोन निळी वर्तुळं असतात आणि आत काहीच लिहिलेलं नसतं. काहींवर एखादं पान रेखाटलेलं असतं. जिथे चिन्ह आहे तिथे ते सहसा सहा अक्षरांचं, राजघराण्याच्या नावासकट असतं. निळ्या रंगातलं चार अक्षरांचं कांग्शी चिन्ह दिसलं की पारख्याला पहिल्यांदा आठवतो तो एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. या घरच्या फुलदाणीवर नेमकी चारच अक्षरं होती.

पण केवळ अक्षरांवरून निकाल देता येत नाही. म्हणून पारखी फुलदाणी आधी उलटी करून तळाची कडा बघतो, कारण तिथे झिलई नसते आणि उघडी माती दिसते. चांगल्या कांग्शी कामात ही माती पांढरी, बारीक आणि घट्ट असते, कडा नीट कापलेली असते आणि झिलई संपते तिथे बऱ्याचदा तांबूस रेघ उमटलेली असते. या फुलदाणीची कडा जाड होती, माती थोडी भरड होती आणि झिलईला करडी-निळी छटा होती.

मग चित्र. फुललेल्या आलुबुखाराच्या फांद्या आणि मागे तडकलेल्या बर्फाच्या रेषा, ही हिवाळा सरून वसंत येत असल्याची खूण. कांग्शीचे चितारी कोबाल्टचा निळा रंग पातळ-दाट थरांनी चढवत, त्यामुळे जमीन कुठे गडद तर कुठे उजळ होई आणि तडे खरोखर खोल वाटत. फुलं लहानमोठी, काही पाठमोरी, काही अर्धी उमललेली असत. इथे मात्र निळा रंग सगळीकडे एकसारखा बसला होता, तडे जाळीसारखे ठरावीक अंतरावर होते आणि फुलं एकाच मापाची होती. हात कसलेला होता, पण तो झरझर चाललेला होता. एका दिवसात बऱ्याच फुलदाण्या रंगवायच्या असल्या की काम असंच होतं.

एवढी घाई कशासाठी होती, याचं उत्तर लंडनमध्ये मिळतं. १८६० आणि ७०च्या दशकांत व्हिसलर आणि रोझेटी या चित्रकारांनी निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचं वेड तिथे पसरवलं. फ्रेडरिक लेलँड या धनिकाच्या अशाच संग्रहासाठी असलेलं जेवणघर व्हिसलरने १८७६-७७मध्ये रंगवलं. ‘मोराची खोली’ म्हणून प्रसिद्ध असलेलं ते दालन आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. इकडे ताइपिंग बंडात, १८५५च्या सुमारास, जिंगदेजेनच्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. १८६०च्या दशकात त्या पुन्हा पेटल्या आणि त्यानंतर परदेशातून मागणी असलेली कांग्शी शैली तिथे मोठ्या प्रमाणात होऊ लागली. चीनशी जुना व्यापार असलेल्या मुंबईच्या पेढ्यांपर्यंत असा माल पोचणं अगदी स्वाभाविक होतं.

मग ही फुलदाणी त्याहूनही अलीकडची, गेल्या तीस-चाळीस वर्षांतली नसेल कशावरून? त्यासाठी पारख्याने आत हात घातला. पोटाच्या मधोमध एक आडवी उंच रेघ लागली. चाकावर केलेले दोन भाग जोडल्याची ही खूण. साच्यात ओतलेल्या आजच्या स्वस्त फुलदाणीत ती सहसा सापडत नाही. तळाच्या कडेवर भिंगातून ओरखडे दिसले, तेही वेगवेगळ्या दिशांना गेलेले आणि फुलदाणी जिथे टेकते तिथेच दाटलेले. मुद्दाम जुनी दाखवण्यासाठी घासलेल्या वस्तूवर ओरखडे बहुधा एकाच दिशेने जातात आणि जिथे झीज होण्याचं कारण नाही तिथेही पडतात. ही झीज खरी होती, शंभरेक वर्षांच्या वापराला साजेशी.

भाजलेल्या मातीचं वय मोजणारी उष्णदीप्ती चाचणीही असते, पण तिच्यासाठी भांड्याला बारीक भोक पाडून नमुना घ्यावा लागतो. इथे माती, चित्र आणि चिन्ह तिन्ही एकाच काळाकडे बोट दाखवत होते, त्यामुळे पारख्याने ती न करण्याचा सल्ला दिला.

घरच्यांनी दोन गोष्टी नकळत एकत्र बांधल्या होत्या. एक, फुलदाणी १९०८च्या सुमाराला पणजोबांना मिळाली. दुसरी, ती तीनशे वर्षांची आहे. दुसरी टिकली नाही. पहिलीला मात्र या तपासणीने उलट आधारच दिला, कारण १८८०-१९००च्या आसपास घडलेली वस्तू १९०८ साली मुंबईत भेट म्हणून देणं काळाला पूर्ण धरून आहे. फुलदाणी अलीकडची निघाली असती, तर घरची आठवणच खोटी ठरली असती.

तुलनेसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जावं. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी तिथे आहेत. विम्यासाठी पारख्याने नोंद अशी दिली: ‘चिनी निळी-पांढरी फुलदाणी, कांग्शी शैली, चार अक्षरी कांग्शी चिन्ह, निर्मिती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची.’ आणि पणजोबांच्या भेटीची हकीकत कोणी, कोणाकडून ऐकली ते तारखेसह लिहून, पेढीची एखादी जुनी चिठ्ठी किंवा फुलदाणी दिसणारा घरातला फोटो सापडला तर तोही या नोंदीला जोडावा, असं त्याने कुटुंबाला कळवलं.