अप्रेझलच्या आधीची मेल

मार्च लागला की ऑफिसात अप्रेझलची कुजबुज सुरू होते आणि ‘वर्षभरात काय केलंत ते मेलवर कळवा’ असा निरोप येतो. मग कुणी ‘नेमून दिलेलं काम वेळेत केलं’ एवढं लिहून मोकळं होतं, तर कुणी ‘अथक परिश्रम’, ‘मोलाचा वाटा’ अशी सत्कार समारंभातली भाषा काढतं. विशेषणं लावायची ती वाचणाऱ्याने; आपणच लावली की तो मनातल्या मनात वजाबाकी करू लागतो.

समजा, भोसरीतल्या एका कारखान्यात पुरवठादारांची बिलं पाहणारी अकाउंट्समधली बाई ही मेल लिहिते आहे. ‘बिलांचं काम मी प्रचंड वेगवान केलं’ या वाक्यातून साहेबांना काहीच कळत नाही, खटकतं मात्र. तेच असं लिहून बघा:

‘45 दिवसांवर रखडलेली लघुउद्योगांची बिलं एप्रिलअखेर 38 होती, फेब्रुवारीअखेर 6 आहेत. महिन्याला येणारी बिलं साधारण तेवढीच आहेत. बहुतेक बिलं स्टोअर्सच्या जीआरएनशी, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीशी, जुळत नसल्याने अडकत. जूनपासून दर सोमवारी अशा बिलांची यादी मी स्टोअर्सला पाठवते. जुळवणी तिथले दोन सहकारी करतात. उरलेल्या 6 पैकी 4 बिलांत दराचा वाद आहे, तो मला अजून सोडवता आलेला नाही.’

45 दिवसच का, हे साहेबांना सांगावं लागत नाही. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी त्यापेक्षा जास्त थांबवता येत नाहीत. थांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. म्हणजे आकडा तिने आपल्या सोयीने निवडलेला नाही, कंपनीला ज्याची झळ बसते तोच घेतला आहे.

‘84 टक्के घट’ असंही लिहिता आलं असतं. पण टक्का एकटा आला की कशाचा, असा संशय येतो, आणि 38 वरून 6 हे कुणालाही ताडून पाहता येतं. एकूण बिलांचं वाक्यही त्यासाठीच. बिलंच निम्मी झाली असती, तर रखडलेली कमी होण्यात तिचं कर्तृत्व किती, हा प्रश्न रास्तच ठरला असता. स्टोअर्सच्या माणसांचा उल्लेख केल्याने तिचा वाटा घटत नाही, उलट नेमका दिसतो: यादी तिची, जुळवणी त्यांची. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ही मेल वाचली तरी त्याला आक्षेप घेता येऊ नये, ही माझ्या मते खरी परीक्षा.

एप्रिलची नोंदच नसेल, तर अंदाजाने आकडा ठोकू नये. ‘जूनपासूनची नोंद आहे’ म्हणावं. अशी तीन कामं पुरेत. सोबत थकीत बिलांचा रिपोर्ट जोडावा आणि साहेबांनी रेटिंग भरण्याआधी मेल पाठवावी. रेटिंग एकदा वर गेलं, की ते बदलून घेणं त्यांच्याही हातात फारसं राहत नाही.