सर्वपित्री अमावास्या आणि लांबलेले नवरात्र

सर्वपित्री अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी घटस्थापना, हा क्रम मुलांनाही ठाऊक असतो. पण 2020 साली ही अमावास्या 17 सप्टेंबरला होती आणि घट बसले ते 17 ऑक्टोबरला. त्या वर्षी एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘‘पंचांगवाल्यांची चूक झाली का?’’ चूक नव्हती. मात्र उत्तर समजण्यासाठी आधी पितृपक्षाची रचना पाहायला हवी.

पितृपक्ष म्हणजे भाद्रपदाचा वद्य पक्ष. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तेथे याच पंधरवड्याला आश्विनाचा कृष्ण पक्ष म्हणतात. नाव वेगळे असले तरी दिवस तेच. या पक्षात पितरांसाठी जे श्राद्ध करतात, त्याला महालय म्हणतात. बोलीभाषेत ‘म्हाळ’ म्हणतात तो हाच. व्यक्ती कोणत्याही महिन्यात, कोणत्याही पक्षात गेलेली असो, येथे फक्त तिची तिथी पाहतात. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला गेलेल्या आजोबांचा महालय भाद्रपद वद्य पंचमीला होतो. म्हणजे वर्षभरातील सर्व मृत्युतिथी या एका पंधरवड्यात एकत्र आणल्या जातात.

आता अडचण येते ती ज्यांची तिथी माहीत नाही त्यांची. कोणी परगावी गेले आणि परत आलेच नाही, कोणाची नोंदच राहिली नाही. शिवाय वद्य पक्षात पौर्णिमा येत नाही, आणि एखाद्या वर्षी घरातील आजारपणामुळे नेमक्या तिथीला श्राद्ध राहून जाते. अशा सर्वांसाठी पक्षाचा शेवटचा दिवस ठेवलेला आहे. ‘सर्वपित्री’ या नावाचा अर्थ हाच. महालयाच्या पक्षातील अमावास्या म्हणून तीच महालय अमावास्या.

पण ही तिथी ठरते कशी? पृथ्वीवरून पाहताना चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. दोघांमधील अंतर 348 अंश झाले की अमावास्या सुरू होते आणि 360 अंशांना, म्हणजे दोघे एकत्र आले की, ती संपते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी सुमारे 19 ते 26 तासांची असते आणि दिवसाच्या कोणत्याही वेळी बदलू शकते. दिनदर्शिकेत सहसा सूर्योदयाची तिथी छापतात. महालयासाठी मात्र अपराह्णकाळची तिथी घेतात. दिवसाचे पाच समान भाग केले की चौथा भाग तो अपराह्ण. सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही साडेसहाला धरले, तर एक भाग 2 तास 24 मिनिटांचा आणि अपराह्ण दुपारी 1.42 ते 4.06 असा येतो. एखादी तिथी सकाळी अकरालाच संपत असेल, तर दिनदर्शिकेत त्या दिवसापुढे ती छापलेली असूनही तिचे श्राद्ध आदल्या दिवशी येते. ‘यंदा तारीख चुकली’ असे घरात वाटते, ते बहुधा यामुळे.

आता 2020 सालाकडे वळू. अमावास्या 16 सप्टेंबरच्या रात्री आठच्या सुमारास लागली आणि 17 ला दुपारी साडेचारला संपली. सतराचा अपराह्ण तिच्यात पूर्ण बसला, म्हणून सर्वपित्री त्या दिवशी. पुढची अमावास्या 17 ऑक्टोबरला रात्री एकच्या सुमारास संपली. दोन अमावास्यांमधील या चांद्र महिन्यात सूर्याने रास बदलली, तर तो नेहमीचा महिना. बदलली नाही, तर अधिक महिना. सूर्य कन्या राशीत गेला तो 16 सप्टेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे महिना सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. तूळ राशीत गेला तो 17 ऑक्टोबरला सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे महिना संपल्यावर सहा तासांनी. मधल्या काळात संक्रांत झालीच नाही. म्हणून तो अधिक आश्विन ठरला. नवरात्र निज आश्विनात बसते, त्यामुळे ते महिनाभर पुढे गेले. पितृपक्ष भाद्रपदातला असल्याने तो जागचा हलला नाही.

बंगालमध्ये महालयाच्या पहाटे आकाशवाणीवरील ‘महिषासुरमर्दिनी’ ऐकली की आठवडाभरात दुर्गापूजा सुरू होते. त्या वर्षी तेथेही पाच आठवडे वाट पाहावी लागली.

अधिक आश्विन 2001 सालीही आला होता आणि तेव्हाही सर्वपित्री अमावास्या 17 सप्टेंबरलाच होती. 19 सौर वर्षे जवळजवळ 235 चांद्र महिन्यांएवढी असतात, त्यामुळे असा मेळ पुन्हा जुळतो. तो अगदी अचूक नसल्याने दर वेळी जुळेलच असे मात्र नाही.

वर्गात मुलांना घरच्या पंचांगातून यंदाच्या वद्य पक्षातील प्रत्येक तिथी संपण्याची वेळ लिहून काढायला सांगावी आणि अपराह्णाचा नियम लावून श्राद्धाचे दिवस ठरवायला सांगावेत. छापलेल्या दिवसांशी ते ताडून पाहिले, की एखाद्या दिवशी दोन तिथींची श्राद्धे का येतात, किंवा एखादा दिवस श्राद्धाविना का जातो, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.